हशा नेमका शेवटच्या शब्दावर पडावा म्हणून

प्रश्न : मी लिमरिक लिहितो. वाचून दाखवलं की लोक ‘कल्पना छान आहे’ म्हणतात, पण शेवटच्या ओळीला हसत नाहीत. यमक जुळतं, विनोदही आहे, मग टोला का बसत नाही? एक नमुना देतो :

एका कवीच्या घरात शिरला चोर,
कवीने कविता मांडल्या समोर,
रात्रभर वाचल्या,
होत्या तेवढ्या साचल्या,
की ‘वाचवा’ म्हणत पळाला बिचारा चोर.

उत्तर : कल्पना खरंच चांगली आहे, ती बदलायची गरज नाही. बिघाड पाचव्या ओळीच्या रचनेत आहे. ती ओळ मोठ्याने म्हणा आणि हसू नेमकं कुठे फुटायला हवं तिथे बोट ठेवा. बोट ‘वाचवा’वर पडेल, म्हणजे ओळीच्या अगदी सुरुवातीला.

आता मात्रा मोजू. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घ अक्षराची दोन. ‘की वाचवा’ इथपर्यंत सात मात्रा होतात. त्यानंतरच्या ‘म्हणत पळाला बिचारा चोर’ या तुकड्यात सोळा. सातव्या मात्रेला ऐकणाऱ्याला सगळं कळलेलं असतं आणि पुढच्या सोळा मात्रा तुम्ही अजून बोलत असता. माणसं सभ्य असतात, कोणी बोलत असताना हसत नाहीत. तुमचं बोलणं संपेपर्यंत हसू ओसरतं आणि मग ते म्हणतात, ‘कल्पना छान आहे.’

दुसरा घोटाळा ‘चोर’ या शब्दाचा. पहिली ओळ ‘चोर’वर संपली आणि पाचवीही ‘चोर’वरच संपली. यमकाचा शब्द ऐकणाऱ्याच्या हातात आधीपासून आहे, त्यामुळे शेवटी त्याला नवीन काहीच मिळत नाही. ही सवय बहुतेकांना एडवर्ड लिअरकडून लागते. लिमरिक हा प्रकार लोकप्रिय केला तो त्याने 1846 साली काढलेल्या पुस्तकाने, आणि त्याच्या बऱ्याच रचनांची शेवटची ओळ पहिल्या ओळीच्याच शब्दावर परत येऊन थांबते. पण लिअरला टोला मारायचाच नव्हता. त्याची गंमत मधल्या विक्षिप्तपणात आणि सोबत काढलेल्या चित्रांत आहे. शेवटची ओळ त्याच्याकडे दार लोटून घेण्यापुरती येते. तुम्हाला शेवटी हशा हवा असेल तर या एका बाबतीत त्याचं अनुकरण करू नका.

मग ‘वाचवा’ हा शब्द ओळीच्या टोकाला न्यायचा कसा? इथे मराठीची स्वतःची अडचण येते. आपलं वाक्य स्वभावतः क्रियापदावर संपतं. ‘चोर वाचवा म्हणत पळाला’, ‘श्रोते झोपून गेले होते’, ‘साहेब स्वतःच खाली बसला होता’. गमतीचा शब्द मध्ये, आणि त्याच्या मागे गेला, केला, होता, लागला यांची शेपटी. शिवाय ही शेपटी यमकाला फार सोपी असते. गेला-आला-केला कुठेही जुळतात, म्हणून नवशिका हात आपोआप तिकडे वळतो आणि टोकाची जागा, म्हणजे सगळ्यांत मोलाची जागा, सगळ्यांत निरर्थक शब्दाला देऊन बसतो.

यातून सुटायच्या वाटा मोजक्या आहेत. पहिली आणि सर्वांत भरवशाची वाट म्हणजे पात्राच्या तोंडचं वाक्य शेवटी ठेवायचं. ‘म्हणाला’, ‘ओरडला’, ‘विचारलं’ हे क्रियापद आधी उरकलं की त्यापुढे अवतरण चिन्हात काहीही येऊ शकतं आणि मराठी जराही वाकडी होत नाही. दुसरी वाट शब्द फिरवायची : ‘दिवा लागला’ऐवजी ‘लागला दिवा’. बोलताना आपण असं करतोच, ‘आली बघा स्वारी’ म्हणतोच. पण जे फिरवणं बोलण्यात चालतं तेवढंच कवितेत चालवा. ‘पळाला बिचारा चोर’ चालतं, ‘शिरला एका घरात कवीच्या तो’ चालत नाही. तिथे ऐकणाऱ्याचं लक्ष विनोदावरून निघून व्याकरणावर जातं. तिसरी वाट अशी की क्रियापदच गमतीचं निवडायचं. वक्ता टाळ्यांसाठी थांबला आणि ‘श्रोते घोरले’ असं असेल तर क्रियापद शेवटी आल्याने काही बिघडत नाही, कारण टोला त्यातच आहे. ‘श्रोते घोरत पडले होते’ केलंत की तोच टोला दोन शब्द आधी संपतो.

तुमच्या कल्पनेला पहिली वाट चपखल बसते, कारण ‘वाचवा’ ही आरोळीच आहे. तेव्हा शेवटचा शब्द पक्का झाला. आता तिथून उलटं वर चढायचं. लिमरिक वरून खाली लिहायला घेतलंत तर पहिल्या ओळीत सहज सुचलेला शब्द पुढे तुमच्या मानेवर बसतो. तुमचं नेमकं तेच झालं आहे. पहिली ओळ ‘चोर’वर संपली, मग समोर, जोर, थोर, मोर असं शोधत शेवटी काही न सापडल्याने पुन्हा ‘चोर’. उलट ‘वाचवा’ आधी ठरवला की पहिल्या दोन ओळींसाठी दिवा, हवा, नवा, थवा, गारवा असे शब्द समोर येतात. त्यांतले ‘दिवा’ आणि ‘नवा’ गोष्टीच्या कामाचे आहेत. रात्री घरात चोर आला की दिवा लागणारच, आणि कवीकडे दाखवायला काहीतरी नवं असणारच.

यमक कधीकधी ओढूनताणून आणावं लागतं. आणावं लागलंच तर ते पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत खपवा. तिथे ऐकणारा उदार असतो, गोष्ट नुकतीच सुरू झालेली असते. पाचव्या ओळीत मात्र शब्द असा यायला हवा की दुसरा कुठला शब्द तिथे येऊच शकला नसता. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. चांगली दोन यमकं वर खर्च होतात आणि खाली उरलंसुरलं येतं.

आता पट्टी ठरवू. लिमरिकच्या पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या ओळी लांब, तिसरी-चौथी आखूड, हे तुम्हाला माहीत आहे. मराठीत त्यासाठी आठ मात्रांचं आवर्तन सोयीचं पडतं. लांब ओळीत दोन आवर्तनं, आखूड ओळीत एक. तुमची पहिली ओळ वीस मात्रांची आहे, पाचवी तेवीस. कान नकळत मोजत असतो. वीसवर थांबायची सवय लागलेल्या कानाला तेविसाव्या मात्रेपर्यंत फरफटत न्यावं लागतं, आणि हशाच्या वेळी तो नेमका मोजण्यात गुंतलेला असतो.

सोळा मात्रांत पहिली ओळ अशी होते :

शिरला चोर नि लागला दिवा,

‘शिरला चोर नि’ आठ, ‘लागला दिवा’ आठ. ‘एका कवीच्या घरात’ हे सगळं गळालं आणि काही बिघडलं नाही, कारण कवी दुसऱ्या ओळीत येतोच :

कवी म्हणाला, ‘ग्रंथ हा नवा!’

इथेही आठ-आठ. मी आधी ‘संग्रह नवा’ करून पाहिलं. एक मात्रा कमी पडली, आणि ‘ग्रंथ’ या शब्दात कवीचा जो तोरा आहे तोही संग्रहात नव्हता. ‘ग्रंथ’ ऐकल्याबरोबर पानांची जाडी डोळ्यांसमोर येते. चोराला पुढे काय सोसायचं आहे त्याची सूचना मिळते, पण गुपित फुटत नाही. दुसऱ्या ओळीने एवढंच करायचं असतं.

तिसरी-चौथी ओळ ही सर्वांत फसवी जागा. आखूड असल्यामुळे त्या पटकन येतात, पटकन जातात, आणि लिहिणाऱ्याला वाटतं की इथे नुसतं भरलं तरी चालेल. तुमच्या ‘रात्रभर वाचल्या, होत्या तेवढ्या साचल्या’मध्ये दुसरा तुकडा निव्वळ यमकासाठी आला आहे. खरं तर पाचव्या ओळीला पटण्यासाठी जी शेवटची माहिती लागते ती इथेच पोचवायची असते. तुमच्या गोष्टीत एक प्रश्न अनुत्तरित राहतो : चोर पळून का गेला नाही? रात्रभर बसून का राहिला? ऐकणारा हा प्रश्न उघडपणे विचारत नाही, पण मनात खटका राहतो आणि खटका असला की हसू अडतं. उत्तर पाचव्या ओळीत द्यायला गेलात तर उशीर झाला, टोल्याच्या ओळीत खुलासा शिरला. म्हणून :

लावुन दारे
वाचे सारे,

आठ मात्रा, आठ मात्रा. दारं लावली, म्हणजे सुटका नाही. सारे वाचतो, म्हणजे शेवटही नाही. (‘लावून’मधला ऊ ऱ्हस्व केला आहे. एवढी सूट मात्रावृत्तात नेहमी घेतात.) ‘दारे’ हा शब्द इथे फार काम करतो. घरात शिरणारा चोर दारं उघडतो, इथे दारं लावली जातात आणि लावणारा घरमालक आहे. उलटापालट सुरू झालेली आहे, पण ऐकणाऱ्याने अजून तिची दखल घेतलेली नाही.

या जागी मोहात पाडणारी एक दुसरी जोडी मला सुचली होती :

रात्रच सरली,
वही न सरली,

मात्रा बिनचूक, यमकही बरं, आणि वाचली तर हसू येतं. म्हणूनच ती टाकली. चौथ्या ओळीला लोक हसले की पाचवी ओळ त्या हशात बुडते, नाहीतर तो ओसरायची वाट बघत उभी राहते. शिवाय या जोडीत दारं नाहीत, तेव्हा चोर का थांबला हा खटका तसाच. तिसऱ्या-चौथ्या ओळीत स्वतंत्र विनोद सुचला तर तो वहीत उतरवून ठेवा, त्याचं वेगळं लिमरिक करा. या ओळी गोष्टीत रंजक असाव्यात, पण गंभीर चेहऱ्याच्या.

आता पाचवी ओळ. पहिला खर्डा :

चोर ओरडे, ‘वाचवा कुणी!’

हे वाक्य बोलण्यात अगदी नैसर्गिक आहे. पण ‘वाचवा’नंतर ‘कुणी’च्या तीन मात्रा उरतात, आणि तीन मात्राही पुरेशा असतात. हसू फुटायच्या क्षणी आवाज अजून चालू. यमकही गेलं. म्हणून फिरवलं :

चोर ओरडे, ‘कुणी वाचवा!’

आठ-आठ, टोला टोकाला, यमक दिवा-नवा-वाचवा. इथे थांबलं तरी चालेल. पण मी आणखी एक चाचणी घेतो, तीच तुम्हालाही सांगतो. शेवटचा शब्द हाताने झाका आणि ज्याने हे लिमरिक ऐकलेलं नाही अशा माणसाला उरलेलं वाचून दाखवा. त्या शब्दापाशी थांबा. त्याने तोच शब्द लगेच उच्चारला तर गुपित आधीच फुटलेलं आहे. शब्द सांगितल्यावर त्याने ‘म्हणजे?’ विचारलं तर वरच्या ओळींत काहीतरी सांगायचं राहिलं आहे. तो गप्प राहिला आणि शब्द ऐकताच हसला, तर ओळ बसली. ‘चोर ओरडे, कुणी...’ एवढं ऐकून लोक ‘वाचवा’ म्हणतात. ‘ओरडे’ आणि ‘कुणी’ एकत्र आले की पुढे दुसरं काय येणार? म्हणून :

चोर ओरडे, ‘मला वाचवा!’

‘कुणी’च्या मात्रा तीन, ‘मला’च्याही तीन, ठेका तसाच. पण ‘मला’नंतर पुष्कळ वाटा उघड्या राहतात. ‘मला दाखवा’ येऊ शकतं, ‘मला ऐकवा’ येऊ शकतं. चोर धमकी देतोय की मागणी करतोय की चक्क दाद देतोय, हे शेवटच्या पाच मात्रांपर्यंत कळत नाही. ‘कुणी’त साऱ्या जगाला घातलेली हाक होती, ती जरा गेली, हे कबूल. तेवढं गमावून मी शेवटच्या शब्दाचं गुपित विकत घेतलं. सगळं मिळून असं झालं :

शिरला चोर नि लागला दिवा,
कवी म्हणाला, ‘ग्रंथ हा नवा!’
लावुन दारे
वाचे सारे,
चोर ओरडे, ‘मला वाचवा!’

चौथ्या ओळीतला ‘वाचे’ आणि पाचवीतला ‘वाचवा’ यांचा नाद तुमच्या कानाला लागला असेल. तुमच्याही खर्ड्यात ‘वाचल्या’ होतंच, पण ते ओळीच्या शेवटी, यमकाच्या जागी होतं. यमकाच्या जागेवरचा शब्द कानात ठसतो, आणि मग ‘वाचवा’ हा त्याचाच पुनरुच्चार वाटू लागतो. इथे ‘वाचे’ ओळीच्या सुरुवातीला हलकेच येऊन जातो. बी पेरलं जातं, पण दिसत नाही. शेवटच्या शब्दाचा नाद आधी कुठेतरी सोडून ठेवायचा असेल तर तो यमकाच्या जागेपासून दूर सोडा, आणि एकदाच.

मात्रांविषयी आणखी थोडं, कारण पाचव्या ओळीत मात्रा वाढवण्याचा मोह सर्वांनाच होतो. ‘शेवटी चोरच जोरात ओरडला, मला वाचवा!’ असं लिहिलं तर अर्थ अधिक स्पष्ट होतो यात शंका नाही. पण आरोळीच्या आधी वीस मात्रा झाल्या, आणि वरच्या ओळींनी कानाला आठवर अर्धविराम घ्यायला शिकवलं आहे. बारा मात्रा जास्त म्हणजे ऐकणारा दीड आवर्तन अधांतरी. ‘शेवटी’, ‘अखेर’, ‘तेवढ्यात’, ‘चक्क’ हे शब्द पाचव्या ओळीत दिसले की मी आधी ते काढून बघतो. ओळ पाचवी आहे म्हणजे शेवट आलाच, आणि जे चक्क आहे ते ‘चक्क’ न म्हणताच कळायला हवं. ‘बिचारा’ही त्यातलाच. चोराची कीव करायची की नाही ते ऐकणाऱ्यावर सोडा. एखाद-दुसरी मात्रा जास्त झालीच तर ती ओळीच्या तोंडाशी घ्या, घाईने बोलून निभावते. टोकाशी एकही वाढवू नका.

चार ओळींच्या वात्रटिकेत हा हिशेब जरा बदलतो. तिथे आखूड ओळींची जोडी नसते, म्हणजे वेग वाढवायची सोय नसते. त्यामुळे शेवटची माहिती तिसऱ्या ओळीला एकटीला वाहावी लागते. तिसरी ओळ यमकात नसेल तर उत्तमच. यमकाच्या अपेक्षेने ऐकणारा पुढे झुकलेला राहतो. चारही ओळींना एकच यमक दिलंत तर चौथ्या ओळीपर्यंत कान कंटाळतो आणि शब्द ओळखू लागतो. चौथ्या ओळीचा नियम मात्र तोच : क्रियापद आधी उरकायचं, टोल्याचा शब्द टोकाला.

वाचून दाखवताना लोक शेवटच्या शब्दाआधी लांब थांबतात, आणि यमकबद्ध कवितेत ती चूक ठरते. गद्य विनोदात थांबलं तरी पुढचा शब्द कोणाला ओळखता येत नाही. इथे दिवा-नवा ऐकलेला माणूस ‘-वा’ने संपणारा शब्द शोधायला मोकळा असतो. त्याला दोन सेकंद दिलेत तर त्यातला हुशार माणूस तुमच्याआधी बोलून मोकळा होईल. म्हणून ‘चोर ओरडे’नंतर जेवढा स्वल्पविराम आहे तेवढाच थांबा, ‘मला वाचवा’ एका दमात म्हणा, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला जो वेग आला आहे तो तिथेही मोडू देऊ नका. आवाज शेवटी खाली आणू नका. आपली सवय वाक्याच्या शेवटी आवाज पाडायची असते, कारण तिथे बहुधा ‘होता’ नाहीतर ‘आहे’ असतं. इथे तिथेच सगळं आहे, तेव्हा शेवटचा ‘वा’ मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ जायला हवा.

राहता राहिलं शीर्षक. तुम्ही या लिमरिकला काही नाव दिलं असेल तर ते एकदा तपासा. ‘चोराची फजिती’ असलं काही असेल तर पाचवी ओळ वाचकाला पहिल्या ओळीच्याही आधी कळलेली आहे. छापील पानावर नाव द्यावंच लागलं तर ते पहिल्या दोन ओळींतून घ्या. इथे ‘ग्रंथ’ एवढंच पुरे.